स्पीकरमधली घूंऽऽ कुठून येते?

गणपतीच्या मंडपात आरती संपते, माइक बंद होतात, तरी स्पीकर घूंऽऽ करतच राहतो. साउंडवाला मिक्सरचा मेन फेडर पार खाली ओढतो. घूं तेवढीच. म्हणजे माइक निर्दोष. गडबड फेडरच्या पुढे आहे, बहुतेक वेळा पॉवर्ड स्पीकरकडे गेलेल्या वायरीत.

समजा, मिक्सर मंडपाच्या मागच्या टोकाला आहे, स्पीकर स्टेजपाशी आणि मधे 20 मीटर साधी मोनो जॅकची वायर. हिच्या पोटात एकच तार असते आणि तिच्याभोवती जाळी. सिग्नल तारेतून जातो, जाळीतून परततो. हीच अनबॅलन्स्ड वायर. आता मिक्सर एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या, लांबच्या सॉकेटवर. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच, त्यामुळे जाळीतून नको तो करंट वाहू लागतो. जाळी सिग्नलचीही वाट असल्याने तो फरक सिग्नलमध्ये मिसळतो आणि स्पीकर इमानेइतबारे तोही वाजवतो. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून घूंसुद्धा 50 आणि त्याच्या पटींतली. खात्री करायची तर दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत; घूं उतरली, तर चोर सापडला.

बॅलन्स्ड वायरीत पिळलेल्या दोन तारा असतात, जाळी वेगळी. कॅनन पिनच्या वायरी बहुधा याच. एका तारेवर सिग्नल अधिक 1 असेल, तर दुसरीवर उणे 1. वाटेत 0.1 इतका उपद्रव शिरला, तर तो दोन्ही तारांवर सारखाच चढतो: 1.1 आणि उणे 0.9. स्पीकर फक्त दोघींमधला फरक मोजतो. तो 2. उपद्रव गायब! प्रत्यक्षात थोडा उरतो, पण कानाला जाणवण्याइतका क्वचितच.

मात्र त्यासाठी मिक्सरचं आउटपुट आणि स्पीकरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड हवीत. नुसती महागडी वायर आणून भागत नाही.

उलटी फजितीही होते. मोबाइलची स्टिरिओ पिन एका बाजूला आणि कॅनन दुसऱ्या बाजूला अशी वायर कुणीतरी आणतं. मग डावा आणि उजवा आवाज दोन तारांवर येतो, स्पीकर त्यांतला फरक काढतो आणि दोन्हीकडे सारखाच असलेला गायकाचा आवाजच वजा होतो. वाद्यं वाजतात, गाणारा जवळजवळ नाहीसा!

मिक्सरपासून अँप्लिफायरपर्यंत हेच सगळं लागू. अँप्लिफायरच्या पुढे साध्या स्पीकरला मात्र जाड, दोन तारांची स्पीकर वायरच हवी. तिथे मोठा करंट वाहतो, जाळीची गरजच नसते.

घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय मंडपात सर्रास चालतो. यंत्रात बिघाड झाला, तर त्याच्या धातूच्या भागात आणि जोडलेल्या माइकमध्ये वीज उतरू शकते. ती पिन कुणी काढू नये आणि काढलेली दिसली, तर तो प्लग वापरू नये.