सात वर्षे, पण कधीपासून?

सवलतीत मिळणारा जुना फोन स्वस्त वाटतो, कारण किंमत खोक्यावर दिसते आणि उरलेले आयुष्य दिसत नाही. गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेट्सचे वचन दिले. हा फोन ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला आणि मोजणी तिथूनच सुरू झाली. ग्राहकाने तो २०२६ च्या दिवाळीत घेतला, तरी मुदत ऑक्टोबर २०३० लाच संपते. हाती उरतात जेमतेम चार वर्षे.

मुदत संपल्यावर फोन बंद पडत नाही, खरी गोम तीच. कॅमेरा चालतो, यूपीआयही बहुधा चालते. पण नव्याने सापडलेली सुरक्षेची भगदाडे बुजवणारे पॅच येणे थांबते.

वचनातही दोन आकडे असू शकतात. सॅमसंगच्या गॅलक्सी ए५४ ला चार अँड्रॉइड आवृत्त्या, पण सुरक्षा पॅच पाच वर्षे. फोन बरीच वर्षे वापरणाऱ्याने दुसरा आकडा आधी पाहावा.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून हिशेबच उलटा केला: तिथे किमान पाच वर्षांची मोजणी त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून होते.