घरकुल प्रकरण : कोणती तक्रार कुठे करायची?

जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटींचा दंड झाला. या शिक्षेला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

म्हणजे फिर्याद ते निकाल यात १३ वर्षे गेली. शिवाय फौजदारी खटला व्यक्तीला शिक्षा देतो, पालिकेचा बेकायदा ठराव रद्द करत नाही. त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. तिथे निर्णय कायद्याने झाला का, हे पाहतात. पैसे कोणी खाल्ले, याचा तपास सहसा होत नाही.

अर्ज महिनोन्महिने पडून असेल, तर लोकायुक्तांकडे तक्रार करता येते. १९७१ च्या कायद्यानुसार ते कागदपत्रे मागवून चौकशी करतात, पण शेवटी शिफारसच करतात. गाऱ्हाण्याची मुदत साधारण १२ महिने आहे. कोणी लाच मागत असेल, तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवावे. सापळा तेव्हाच लावता येतो.