बिल्टीवरचा शेरा आणि १८० दिवस

इचलकरंजीहून जयपूरला कापडाच्या ६० गठाणी निघाल्या आहेत असं समजू. किंमत १८ लाख रुपये, भाडं ५४ हजार. बुकिंग ८ जुलैचं, आणि माल पोचला १३ जुलैला. वाटेत पावसानं गाठलं आणि फाटक्या ताडपत्रीतून पाणी आत शिरलं. जयपूरच्या व्यापाऱ्यानं ट्रक उघडला तेव्हा वरच्या थरातल्या १४ गठाणी ओल्या निघाल्या. इचलकरंजीच्या कारखानदाराचा विमा असल्यामुळे त्यानं त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं आणि तो निर्धास्त झाला. बहुतेक प्रकरणं बिघडतात ती इथूनच.

ओला माल उतरवून घेताना जयपूरच्या गोदामातला माणूस घाईत सही ठोकतो. ट्रान्सपोर्टवाल्याकडे राहणाऱ्या बिल्टीच्या प्रतीवर, म्हणजे एलआरवर, नुसती सही असेल तर तिचा सरळ अर्थ निघतो की माल चांगल्या स्थितीत मिळाला. त्याऐवजी सहीच्या वरच ‘६० पैकी १४ गठाणी पाण्याने भिजलेल्या, ताडपत्री फाटलेली’ असं लिहायचं, ड्रायव्हरची सही घ्यायची, गठाणींचे नंबर टिपायचे आणि फोटो काढायचे. शेरा लिहू दिला नाही, तर त्याच दिवशी ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कार्यालयाला पत्र पाठवायचं. सर्व्हेअर येईपर्यंत ओला माल वेगळा ठेवायचा, पण त्याला वारा लागू द्यायचा. बुरशी वाढू दिली, तर ते नुकसान प्रवासातलं मानलं जाईलच असं नाही.

विमा कंपनीला पाठवलेला क्लेम वाहतूकदाराला दिलेल्या नोटिशीची जागा घेत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदारावर दावा लावायचा असेल, तर आधी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. जुन्या १८६५ च्या कायद्यात सहा महिने नुकसान कळल्यापासून मोजत. आता मोजणी बुकिंगपासूनच होते. आपल्या उदाहरणात ही मुदत ४ जानेवारीला संपते. विमा कंपनीशी कागदांची देवाणघेवाण सुरू असली, तरी ही मुदत थांबत नाही.

नोटीस द्यायची कोणाला? ट्रक पुष्कळदा बाजारातून भाड्यानं घेतलेला असतो. बिल्टी ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीची, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह नोटीस पाठवणं सुरक्षित. ड्रायव्हरशी फोनवर झालेली बाचाबाची इथे कामाची नाही. मजकूर साधाच असतो:

‘आपल्या एलआर क्रमांक अमुक, दिनांक ८ जुलै अन्वये इचलकरंजी ते जयपूर पाठवलेल्या ६० गठाणींपैकी १४ गठाणी १३ जुलै रोजी भिजलेल्या स्थितीत मिळाल्या. तसा शेरा पोचपावतीवर आहे. या १४ गठाणींची किंमत ४,२०,००० रुपये आहे. सर्व्हे होईपर्यंत या पूर्ण रकमेसाठी आम्ही आपल्याला जबाबदार धरतो. हे पत्र कलम १६ खालील नोटीस समजावे. आपल्या प्रतिनिधीने पाहणीसाठी उपस्थित राहावे.’

रक्कम ढोबळ असली तरी चालते, पण ती लिहायला हवी. ‘योग्य ती भरपाई द्यावी’ एवढंच लिहून सोडू नये.

यात विमा कंपनीचा काय संबंध? भरपाई दिल्यावर कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टवाल्याकडून पैसे वसूल करू शकते. मात्र विमाधारकाला जेवढा हक्क, तेवढाच तिला मिळतो. त्यानं मुदत घालवली किंवा २५ हजारांत ‘हिशेब पूर्ण मिटला’ असं लिहून दिलं, तर वसूल करायला काही उरत नाही. म्हणूनच पॉलिसीत वाहतूकदाराविरुद्धचे हक्क जपण्याची अट असते, आणि कंपनी क्लेमच्या कागदांत नोटिशीची प्रत व पोस्टाची पावती मागते. ती नसली, की क्लेम कापायला किंवा नाकारायला तिच्या हाती कारण येतं.

वसुलीलाही मर्यादा आहे. जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. इथे ती ५ लाख ४० हजार होते, त्यामुळे १४ गठाणींचं नुकसान तिच्यात बसतं. सगळाच माल गेला असता, तर १८ लाखांतले बाकीचे विमा कंपनीच्याच अंगावर पडले असते.

भरपाई देताना कंपनी हक्क सोपवण्याच्या पत्रावर आणि मुखत्यारपत्रावर सही घेते. सुताच्या एका मालाबद्दलच्या चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० मध्ये स्पष्ट केलं, की अशा पत्राच्या आधारे विमाधारकाच्या नावानं किंवा त्याच्यासोबत कंपनीला दाद मागता येते. म्हणजे चेक मिळाल्यानंतरही कारखानदाराला मूळ बिल, बिल्टी आणि नोटिशीची पोचपावती जपून ठेवावी लागते, कारण दाव्यात साक्षीला त्यालाच बोलावलं जाऊ शकतं.