चार अक्षरांच्या जागेत ‘संपादन करा’

फोटो दाखवणाऱ्या एखाद्या मोबाइल ॲपची कल्पना करा. फोटोखाली ओळीने चार बटणे आहेत: Edit, Share, Save, Delete. ॲप मराठीत आले की तिथे ‘संपादन करा’, ‘सामायिक करा’, ‘जतन करा’ आणि ‘हटवा’ असे शब्द येतात. बटणांची रुंदी मात्र इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून आधीच ठरलेली असते.

आयबीएमने फार पूर्वी दिलेल्या अंदाजानुसार, दहा अक्षरांपर्यंतचा इंग्रजी मजकूर भाषांतरानंतर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, तर सत्तरहून जास्त अक्षरांचा मजकूर साधारण ३० टक्केच वाढतो. परिच्छेदात एखादा शब्द लांबला तरी दुसरा आखूड निघतो आणि हिशेब जुळतो. बटणावर अशी भरपाई होत नाही. शिवाय इंग्रजीतल्या एकशब्दी क्रियापदाला मराठीत अनेकदा ‘करा’ची जोड लागते.

आता मोजून पाहू. अँड्रॉइड फोनचा पडदा बहुधा ३६० डीपी रुंद धरला जातो. डीपी हे त्याचे अंतर मोजण्याचे एकक. दोन्ही कडांना १६-१६ आणि बटणांमधल्या तीन फटींना ८-८ सोडले, तर प्रत्येक बटणाला ७६ उरतात. बटणाच्या आत दोन्ही बाजूंना १२-१२ मोकळे ठेवले की मजकुराला मिळतात ५२. चौदाच्या आकारात Edit ला साधारण २४ पुरतात. ‘जतन करा’ कसेबसे मावते. ‘संपादन करा’ला मात्र साठच्या वर आणि ‘सामायिक करा’ला सत्तरच्या आसपास जागा लागते. फाँट बदलला की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, अडचण तीच राहते.

इथे सर्वांत सोपी पळवाट म्हणजे अक्षर लहान करणे. अँड्रॉइड ८ पासून तर चौकटीत मावेपर्यंत मजकूर आपोआप आकसण्याची सोय आहे. ती लावली की ‘हटवा’ चौदाचे राहते, ‘संपादन करा’ बारावर येते आणि ‘सामायिक करा’ दहापर्यंत घसरते. एकाच ओळीत तीन आकार दिसतात, आणि उगाचच ‘हटवा’ हे सगळ्यांत महत्त्वाचे बटण वाटू लागते.

दिसण्यापेक्षा वाचण्याचे नुकसान मोठे आहे. देवनागरीत म आणि भ, घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या इवल्याशा तपशिलात असतो. अक्षर बारीक झाले की आधी तोच बुजतो, मग जोडाक्षरांतल्या फटी भरतात. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले तर वर नुसता काळा ठिपका उरतो. इंग्रजी ज्या आकारात सहज वाचता येते, त्याच आकारात मराठी वाचायला त्रास होतो. म्हणूनच गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या आधीच्या नियमांत हिंदीसारख्या उंच लिप्यांसाठी बराचसा मजकूर इंग्रजीपेक्षा एका आकड्याने मोठा ठेवायला सांगितले होते.

मजकूर दोन ओळींत मोडला तर उंची अपुरी पडते. ३६ डीपी उंचीच्या बटणात वीस-वीसच्या दोन ओळी बसत नाहीत, मग वरची किंवा खालची पट्टी कापली जाते. उकार गेला की ‘चालू’चे ‘चाल’ होते, अनुस्वार गेला की ‘बंद’चे ‘बद’.

मेनूत आणखी एक धोका असतो. जागा संपली की मजकुराच्या शेवटी तीन टिंबे येतात. Delete account असे कापले गेले तरी Delete शिल्लक राहते. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘खाते कायमचे हटवा’ आणि ‘खाते कायमचे लपवा’ हे दोन्ही पर्याय ‘खाते कायमचे…’ असेच दिसतात. अशा ठिकाणी टिंबे न देता पर्याय पुढच्या ओळीत जाऊ द्यावा.

बटणांसाठी पहिला उपाय शब्दांचा आहे. ‘संपादन करा’ऐवजी ‘बदला’, ‘सामायिक करा’ऐवजी ‘पाठवा’ लिहिता येते, अर्थात ॲपमध्ये पाठवण्याची दुसरी क्रिया नसेल तरच. शब्द आखूड होत नसेल तर बटणाची रुंदी मजकुराप्रमाणे वाढू द्यावी, उंचीला फक्त किमान मर्यादा ठेवावी, आणि ओळीत मावत नसतील तर बटणे एकाखाली एक रचावीत. अक्षरांमधले अंतर वाढवणे-घटवणे मात्र टाळावे. वाढवले तर शिरोरेषा तुटते, घटवले तर अक्षरे एकमेकांवर चढतात.

अँड्रॉइडमध्ये en-XA नावाची नकली भाषा असते. ती इंग्रजी मजकूर मुद्दाम लांबवते, त्यामुळे भाषांतराआधीच रुंदीची अडचण कळते. मात्यांची आणि उकारांची उंची तिच्यात दिसत नाही. शिवाय अँड्रॉइड १४ मध्ये वापरणारा अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करू शकतो, आणि आपोआप आकसणारे बटण त्याने वाढवलेला आकार पुन्हा कमी करते. म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी प्रत्येक पडदा खऱ्या मराठी मजकुरासह, फोनमधली अक्षरे सर्वांत मोठी करून पाहावा आणि मगच ॲप लोकांच्या हाती द्यावे.