डब्यातल्या वरणभाताला कुकर कशाचा?

दुकानदार दोन कुकर समोर ठेवतो. एक ॲल्युमिनियमचा, उचलला की हलका लागणारा. दुसरा स्टीलचा, आरशासारखा चकचकीत, किंमत दीडपट ते दुप्पट. मग सल्ले सुरू होतात. "जर्मनच्या भांड्यात शिजवू नका, मेंदूला वाईट" असं कुणी म्हणतं, तर "स्टीलमध्ये गॅस जास्त जातो, बुडाला लागतं" असं दुसरं कुणी. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण तुम्ही कुकर लावता कसा, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

मराठी घरांत रोजचा कुकर बहुधा डब्यांचा असतो. तळाला पाणी आणि जाळी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. डबे स्टीलचेच असतात. म्हणजे डाळ-तांदूळ कुकरच्या धातूला शिवतही नाहीत. कुकरचं काम फक्त तळातल्या पाण्याची वाफ करून ती कोंडून ठेवण्याचं. वाफ बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक किलो जास्त दाबाने कोंडली की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. ते दाबावर ठरतं, धातूवर नाही. पहिली शिटी झाल्यानंतर तुरीची डाळ दोन्ही कुकरांत सारख्याच वेळात शिजते.

मग पहिल्या शिटीपर्यंत गॅस कुठे जास्त जळतो? पाच माणसांचा कुकर घेऊ. एक वाटी तुरीची डाळ, दोन वाट्या तांदूळ, दोन्ही डब्यांत मिळून लिटरभर पाणी आणि तळाला दोन-अडीच वाट्या. हे सगळं २५ अंशांवरून १२० अंशांवर न्यायचं. उष्णतेचा मोठा वाटा पाणीच खातं. कुकरच्या धातूला जेमतेम पाचवा हिस्सा लागतो. स्टीलचा कुकर वजनाला जड खरा, पण एक किलो स्टील तापवायला एक किलो ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ निम्मीच उष्णता पुरते. त्यामुळे तीन किलोचा स्टीलचा आणि दोन किलोचा ॲल्युमिनियमचा कुकर तापायला जवळपास सारखीच उष्णता घेतात. फरक मिनिटा-दीड मिनिटाचा. त्यापेक्षा कितीतरी जास्त गॅस पहिल्या शिटीनंतर आच मोठीच ठेवल्याने जातो. शिटी झाल्यावर आच बारीक केली तरी दाब टिकतो. मोठ्या आचेवर पटापट शिट्या होतात, एवढंच. प्रत्येक शिटीबरोबर तळातलं पाणी उडतं आणि डाळ त्याने लवकर शिजत नाही.

स्टीलमधून उष्णता पसरायला वेळ लागतो, हे मात्र खरं. ॲल्युमिनियम ती स्टीलच्या दहा-पंधरा पट सहज वाहून नेतं. म्हणूनच चांगल्या स्टीलच्या कुकरच्या बुडाशी दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती दाबून बसवलेली असते. तळाला उकळतं पाणी असेल तर हा फरक जाणवत नाही, पाणीच उष्णता सगळीकडे सारखी करतं. फरक कळतो तो तळाला पाण्याऐवजी अन्न असताना. मुगाची खिचडी थेट कुकरात लावली किंवा उसळीला आधी त्यातच फोडणी दिली की चकती नसलेल्या पातळ बुडाच्या स्टीलमध्ये ज्वाळेच्या वरच्या भागात करपतं, कडेला कच्चं राहतं. अशा कुकरचा तळ उलटून पाहा. जाड चकतीची कडा दिसली नाही, तर तो कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका.

आता मेंदूची भीती. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. टोमॅटो, चिंच, कोकम घातलेली आमटी थेट त्यात उकळली तर थोडं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं, हे खरं. अन्न आणि आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याची मर्यादा दर किलो वजनाला दोन मिलिग्रॅम अशी ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती १२० मिलिग्रॅम होते. डब्यात शिजलेल्या वरणभाताचा या मर्यादेशी संबंध येतच नाही. आंबट आमटी रोज थेट कुकरात करत असाल, तर मात्र स्टील घ्यावं. सोडा घालून छोले-राजमा शिजवणाऱ्यांनीही, कारण ॲल्युमिनियमला सोडाही चालत नाही. खरी काळजी बिनशिक्क्याच्या, भंगार वितळवून केलेल्या भांड्यांची करावी. त्यात शिसं असू शकतं.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो, त्याचं काय? पाणी क्षारयुक्त असलं की रोजच्या उकळण्याने तळ काळवंडतो. तो थर घातक नाही, दिसायला वाईट दिसतो. उपाय आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. रस काढलेली लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटुक तळातल्या पाण्यात टाकायचं. धुण्याच्या सोड्याने किंवा डिशवॉशरमध्ये मात्र हा कुकर धुऊ नये, आणखी काळा होतो आणि झिजतो. स्टीलला काळेपणाचं दुखणं नाही, पण थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसंच राहिलं तर बारीक खड्डे पडतात आणि ते जात नाहीत. मीठ पाणी उकळल्यावर टाकावं. पांढरे डाग दिसले तर ते पाण्यातल्या क्षारांचे, लिंबाने निघतात.

घाईच्या सकाळी बिघडतं ते वेगळंच. डाळ कच्ची राहिली म्हणून चार शिट्या जास्त काढल्या आणि भाताचा चिखल झाला, ही तक्रार कुठल्याही धातूच्या कुकरची. डाळ धुऊन अर्धा तास भिजत घातली, वर दोन थेंब तेल टाकलं की तीही भाताबरोबर शिजते आणि फेस कमी येतो. डबा अर्ध्याच्या वर भरू नये, डाळ उतू जाऊन वाफेच्या नळीत अडकते. झाकण लावण्याआधी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावं. पाच सेकंदांचं काम आहे, पण फार थोडी घरं ते करतात. तळातलं पाणी आटलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तो बदलून घ्यावा, चिखल-माती लावून चालवू नये. असा कोरडा तापलेला कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर बूड फुगून डळमळायला लागतं, स्टीलचा असेल तर निळा-जांभळा पडतो आणि चकती सुटायला लागते. दोन्ही खुणा दिसल्या की तो कुकर मोडीत काढावा.

घेताना तीन गोष्टी बघा. घरातले डबे बरोबर न्या, कारण आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड अरुंद असतं आणि जुने डबे त्यात जात नाहीत. इंडक्शनची शेगडी असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा. ते बुडाला चिकटलं नाही तर कुकर तापणार नाही, मग तो साधा ॲल्युमिनियमचा असो की स्टीलचा. आणि झाकणावर किंवा अंगावर आयएसआयचा शिक्का, आयएस २३४७ या क्रमांकासह, असायलाच हवा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे.

गॅसवर डब्यात वरणभात लावणाऱ्या घराला पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर पुरतो. मनगट दुखणाऱ्या आजीबाईंसाठी तर तोच बरा. जो चांगला चालतोय तो धातूच्या भीतीने भंगारवाल्याला देऊ नका. आमटी, उसळ, खिचडी थेट कुकरात करणाऱ्यांनी किंवा इंडक्शनवाल्यांनी स्टीलचा घ्यावा, जाड चकतीचाच. दोन्ही प्रकार घरात असतील, तर तीन लिटरचा स्टीलचा आणि पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा अशी जोडी ठेवावी. एका मोठ्या स्टीलच्या कुकरवर पैसे घालण्यापेक्षा ही जोडी जास्त उपयोगी पडते.