मगवर वर्गाचा फोटो छापण्याआधी

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, निरोप समारंभाला मुलांना वर्गाच्या फोटोचा मग द्यायचा असेल, तर जालन्यात ऑर्डर देण्याआधी घरीच एवढे गणित करून बघा.

नेहमीच्या मगवर कान सोडून छपाईला साधारण 20 सेंमी रुंद आणि 9 सेंमी उंच जागा मिळते. नेमके माप दुकानदाराला विचारून घ्या. समजा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो 1600 × 1200 पिक्सेलचा आहे. (फोटोच्या डिटेल्समध्ये हे आकडे दिसतात.) 1600 ला 20 ने भागले की एका सेंमीला 80 पिक्सेल येतात. 118 च्या आसपास असतील तर छपाई सुबक येते, 60 च्या खाली गेले की चेहरे फुटतात. म्हणजे 80 चालतील.

पण उंचीचे काय? 9 सेंमीत 720 पिक्सेलच मावतात. उरलेले 480 कापले जाणार, म्हणजे मागच्या रांगेची डोकी नाहीतर पुढच्या रांगेचे पाय! शिवाय मग समोर धरला की कडेची मुले पाठीमागे जातात.

म्हणून फोटो 8 सेंमी रुंद, 6 सेंमी उंच ठेवायला सांगा. काहीच कापले जात नाही, सगळी मुले समोर दिसतात आणि सेंमीला 200 पिक्सेल मिळतात. नावे मात्र छपाईच्या कडेपासून अर्धा सेंमी आत असू द्या.