टेरीस मेजर नेमका कुठे चिकटतो?

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक हातात पडतं आणि त्याच्या मागोमाग एक काम येतं. ते असतं स्नायूंचा तक्ता करायचं. स्नायूचं एक टोक कुठल्या हाडावरून निघतं, दुसरं कुठे चिकटतं आणि तो आकसला की काय हलतं. मुलं त्याला ओरिजिन, इन्सर्शन, ॲक्शन म्हणतात. व्हायव्हाला परीक्षक हातात हाड देतात आणि हेच तीन प्रश्न विचारतात. पूर्वी वही आडवी धरून पट्टीने रेघा मारून हा तक्ता व्हायचा. आता ग्रंथालयातलं पुस्तक घरी नेता येत नसेल तर मोबाइलने पानांचे फोटो काढायचे, फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम चालवायचा आणि तो मजकूर एक्सेलच्या रकान्यांत ओतायचा, अशी रीत पडली आहे.

रीत चांगली आहे, वेळ वाचतो. पण यातल्या चुका वहीतल्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात. वहीत उतरवताना एखादी ओळ गाळली तर रिकामी जागा दिसते. इथे रिकामं काहीच राहत नाही. चुकीच्या स्नायूसमोर दुसऱ्याच स्नायूचा मजकूर सुबक अक्षरांत येऊन बसतो.

आधी फोटोचं पाहू, कारण निम्मं तिथेच ठरतं. छापील मजकूर नीट ओळखला जायला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात. समजा मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा आहे आणि पान २४ सेंटिमीटर उंच, १८ सेंटिमीटर रुंद आहे. एकच पान चौकटीत भरून घेतलं तर इंचाला चारशेच्या वर ठिपके मिळतात. घाईत उघडं पुस्तक, म्हणजे दोन्ही पानं एका फोटोत घेतली, की रुंदी ३६ सेंटिमीटर होते आणि ठिपके २८० च्या आसपास उतरतात. शिवाय मधल्या शिवणीकडे कागद वळतो, ओळी वाकतात आणि आतल्या बाजूचे शब्द आखडतात. म्हणून एका वेळी एकच पान घ्यावं, मोबाइल पानाला समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि उजेड बाजूने यावा. गुळगुळीत कागदावर वरून दिवा पडला की पांढरा डाग उमटतो आणि नेमका त्याखालचाच शब्द जातो.

मग अक्षरओळख. टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्राम यासाठी बराच वापरला जातो. पान दोन रकान्यांचं असेल तर प्रत्येक रकाना वेगळा कापून द्यावा, नाहीतर कधी कधी डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ मिळून एक वाक्य तयार होतं. कापलेल्या एका रकान्यासाठी आज्ञा अशी:

```
tesseract page_teres_left.png teres_left -l eng --psm 6
```

शेवटचा `6` प्रोग्रामला सांगतो की समोर सलग मजकुराचा एकच ठोकळा आहे, रकाने शोधत बसू नकोस. `teres_left.txt` नावाची फाइल मिळते. तिच्यात काही ठरावीक चुका हमखास शोधाव्या. `r` आणि `n` शेजारी आले की `m` होतो आणि `sternum` चं `stemum` बनतं. `2/3` चं `213` होतं. मणक्यातल्या नसांचा `C5` हा `CS` होऊन येतो. आकृतीतल्या बाणांपुढची नावं परिच्छेदाच्या मधोमध घुसतात. या चुका ओबडधोबड आहेत, त्यामुळे डोळ्यांत भरतात. जपायचं ते `ilium` आणि `ileum` यांच्यासारख्या जोड्यांना. पहिलं कमरेचं हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलिंग तपासणारा गप्प बसतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते प्रकरण. खांद्याच्या मागच्या बाजूला दोन स्नायू शेजारी असतात, टेरीस मायनर आणि टेरीस मेजर. दोघेही स्कॅप्युलाच्या, म्हणजे खवाट्याच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवरून, मागल्या अंगाने निघतात. मायनर त्या कडेच्या वरच्या दोन तृतीयांश भागावरून, मेजर खालच्या एक तृतीयांशावरून आणि तळाच्या कोपऱ्यावरून. पुस्तकात दोघांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. ओरिजिनच्या चौकटीत तीन ओळींचा मजकूर, इन्सर्शनच्या चौकटीत एक किंवा दोन. मधल्या बारीक रेघा फोटोत पुसट झाल्या, की प्रोग्राम चौकट सोडून नुसती ओळ वाचत जातो. पानाला जरा बाक असेल तर मायनरचं इन्सर्शन खाली सरकून मेजरसमोर जातं. तक्ता असा दिसतो: टेरीस मेजर, उगम खवाट्याच्या खालच्या कोपऱ्यावर, चिकटतो दंडाच्या हाडाच्या मोठ्या उंचवट्यावर, म्हणजे ग्रेटर ट्युबरकलवर, काम दंड आतल्या बाजूला फिरवणं.

वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण पुस्तक न उघडता ही चूक पकडता येते, कारण या तक्त्याचा तिसरा रकाना पहिल्या दोनांतून निघतो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आकसला की त्याची दोन टोकं जवळ येतात. म्हणून विचारायचं एवढंच: तो कुठला सांधा ओलांडतो आणि कुठल्या बाजूने?

स्वतःवर करून पाहता येतं. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा. पंजा पोटाकडे नेला की दंडाचं हाड आपल्या अक्षाभोवती आत फिरतं. पंजा बाहेर नेला की बाहेर. ग्रेटर ट्युबरकलच्या मागच्या भागावर चिकटणारा स्नायू खांद्याच्या मागून जातो. त्याने मागून ओढलं की हाड बाहेरच फिरणार. म्हणजे वरच्या तक्त्यातला मेजर मागून ओढतोय आणि हाड मात्र आत फिरतंय. हे जमत नाही. एक रकाना खोटं बोलतो आहे. फोटो पुन्हा उघडून बघितलं की कळतं: मेजर काखेखालून पुढे येतो आणि दंडाच्या हाडावर पुढच्या बाजूला जी खाच आहे तिच्या आतल्या काठाला चिकटतो. पुढून ओढतो, म्हणून आत फिरवतो. मायनर मागून जाऊन ग्रेटर ट्युबरकलच्या सर्वांत खालच्या पैलूवर चिकटतो आणि बाहेर फिरवतो. नसांचा रकाना असेल तर तोही साक्ष देतो: मायनरला ॲक्सिलरी नर्व्ह, मेजरला लोअर सबस्कॅप्युलर नर्व्ह.

ही तपासणी जमायची तर तक्त्याची रचना तशी हवी. बहुतेक मुलं एका स्नायूला एक ओळ देतात आणि तिथेच फसतात. डेल्टॉइड घ्या. पुढचे तंतू क्लॅव्हिकलच्या बाहेरच्या तृतीयांशावरून, मधले ॲक्रोमियनवरून, मागचे खवाट्याच्या कण्यावरून निघतात. तिघेही दंडाच्या मध्यावरच्या एकाच खडबडीत जागी पोचतात. पुढचे हात पुढे उचलून आत फिरवतात, मागचे मागे नेऊन बाहेर फिरवतात. एकाच चौकटीत ‘आत फिरवतो, बाहेर फिरवतो’ असं लिहिलं की तपासण्यासारखं काही उरत नाही. माझं मत असं, की ओळ स्नायूची नको, त्याच्या भागाची हवी. डेल्टॉइडला तीन ओळी, बायसेप्सला दोन. हाडाचं नाव एका रकान्यात आणि हाडावरची जागा शेजारच्या रकान्यात. शेवटी पुस्तक, आवृत्ती, पान आणि फोटोचा क्रमांक. हा शेवटचा रकाना लिहिताना कंटाळा येतो, पण शंका आली की तोच उपयोगी पडतो.

हाड वेगळ्या रकान्यात ठेवल्याचा फायदा कोपरापाशी कळतो. बायसेप्स आणि त्याच्याखालचा ब्रेकियालिस दोघेही कोपर पुढून ओलांडतात, म्हणून दोघेही कोपर वाकवतात. पण बायसेप्स रेडियसवर चिकटतो आणि ब्रेकियालिस अल्नावर. पंजा उलटासुलटा करताना अल्ना जागेवर असते, रेडियस तिच्याभोवती फिरते. म्हणून तळवा वर करण्याचं काम बायसेप्सकडे येतं, ब्रेकियालिसकडे नाही. मजकूर सरकून ब्रेकियालिससमोर रेडियस आलं असेल तर ते इथे पकडलं जातं.

मात्र ही युक्ती सगळ्या चुका धरत नाही. दंडाच्या हाडावरच्या त्याच खाचेच्या बाहेरच्या काठाला पेक्टोरॅलिस मेजर, तळाला लॅटिसिमस डॉर्साय आणि आतल्या काठाला टेरीस मेजर असतो. तिघेही दंड आत फिरवतात. पेक्टोरॅलिस आणि टेरीस यांच्या जागा तक्त्यात उलटसुलट झाल्या तरी ॲक्शनचा रकाना कुरबुर करत नाही. तिथे दुसरा उपाय: सगळा तक्ता इन्सर्शनच्या जागेप्रमाणे लावून घ्यायचा. ग्रेटर ट्युबरकलवर तीनच नावं दिसली पाहिजेत, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर. लेसरवर एकच, सबस्कॅप्युलॅरिस. चौथा पाहुणा दिसला किंवा खाचेचा एखादा काठ रिकामा राहिला, की त्या ओळींचे फोटो उघडायचे. दोन नावांची नुसती अदलाबदल झाली असेल तर मोजणीही कामाची नाही. आतला काठ, बाहेरचा काठ, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि नसांचे क्रमांक हे शब्द फोटोशी डोळ्यांनीच जुळवावे लागतात, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

कधी मजकूर बरोबर उतरलेला असतो आणि वाद पुस्तकांतच असतो. हात बाजूला उचलताना पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटस उचलतो आणि पुढचं डेल्टॉइड पाहतो, असं बऱ्याच पुस्तकांत छापलेलं आहे. स्नायूंमधल्या विजेच्या नोंदी घेतल्यावर दिसलं की डेल्टॉइडही अगदी सुरुवातीपासून कामाला लागलेला असतो. अशा ठिकाणी दोन पुस्तकांची मिळून एक मधली ओळ तयार करू नये. प्रत्येकाचं म्हणणं वेगळ्या ओळीत, आपापल्या पान क्रमांकासह राहू द्यावं; व्हायव्हाला आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली ओळ सांगावी आणि परीक्षकांनी पुढचं विचारलंच, तर दुसरी.